हंसपट्टीच्या नोंदी : विटांच्या एका मंदिरावरील साच्याचे मातीकाम

४ डिसेंबर

हुगळी जिल्ह्यातील ज्या मंदिराची नोंदणी आम्ही हाती घेतली आहे ते आटचाला पद्धतीचे आहे. खाली चार बाजूंनी उतरणारे वक्र छप्पर, त्यावर तसेच लहान दुसरे छप्पर, दक्षिणेला तीन कमानींची ओवरी आणि संपूर्ण बांधकाम पातळ विटांचे, अशी त्याची रचना आहे. मंदिर एका कुटुंबाच्या देवस्थानाचे असून रोज पूजा होते. कोणत्याही संरक्षित यादीत त्याचे नाव नाही. कुटुंबाच्या विनंतीनुसार गाव आणि मंदिर यांची नावे या नोंदींत येणार नाहीत. तसे करण्यामागे व्यावहारिक कारणही आहे. अशा मंदिरांवरील सुटी मातीची शिल्पे चोरीला जातात, आणि कोणता फलक सैल झाला आहे हे लिहून जाहीर करणे शहाणपणाचे नाही.

जुन्या पाहणीच्या फाइलमध्ये या मंदिराबद्दल एक परिच्छेद आहे. त्यात मधल्या कमानीवरील राम-रावण युद्धाचे वर्णन नीट केलेले आहे, प्रतिष्ठेचा लेख उतरवलेला आहे, आणि शेवटी ‘तळाशी हंस व फुलांच्या पुनरावृत्त पट्ट्या’ एवढाच उल्लेख आहे. छायाचित्रे सगळी कमानीची आहेत. तळपट्ट्यांचे एकही जवळून घेतलेले छायाचित्र नाही, आणि पूर्व-पश्चिम भिंतींवर या पट्ट्या वळसा घालून जातात याचीही नोंद नाही. ‘पुनरावृत्त’ म्हटले की पाहणाऱ्याची नजर पुढे सरकते. एक हंस पाहिला म्हणजे सगळे पाहिले असे गृहीत धरले जाते. या टप्प्यातील आमचे काम नेमके त्या पट्ट्यांवर करायचे, असे आज ठरले.

५ डिसेंबर

आज मोजमापाला हात न लावता केवळ पाहणी केली. हे मातीकाम इथे का आहे हे ध्यानात ठेवले तर पाहणे सोपे जाते. गंगेच्या गाळाच्या प्रदेशात बांधकामाचा दगड मिळत नाही. पश्चिमेकडे बांकुडा भागात जांभा मिळतो, पण तो सच्छिद्र आणि खडबडीत असल्यामुळे त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून तिथल्या जांभ्याच्या मंदिरांवर चुन्याच्या गिलाव्यात नक्षी काढलेली दिसते. बारीक काम हवे असेल तिथे मल्ल राजांनीही विटेचाच आधार घेतला. विष्णुपूरचे श्यामराय मंदिर (१६४३) आणि जोडबांगला (१६५५) ही दोन्ही रघुनाथ सिंहांची बांधकामे विटांची असून मातीच्या फलकांनी मढवलेली आहेत. हुगळीतच बांशबेडियाचे अनंत वासुदेव मंदिर (१६७९) आणि आंटपूरचे राधागोविंद मंदिर (१७८६) ही उदाहरणे आहेत. आमचे मंदिर या परंपरेतले उशिराचे आणि आकाराने लहान आहे.

काम करणारे सूत्रधार हे मुळात लाकूड, दगड, माती आणि चित्र अशी चारही माध्यमे हाताळणारे कारागीर होते. त्यामुळे मातीच्या फलकावर सुतारकामातील पटाशीचा हात अनेकदा दिसतो. फलक दोन प्रकारे तयार होतात. पहिल्या प्रकारात मळलेल्या मातीचा थापा काढतात, तो चामड्याइतका घट्ट झाला की सुरीने कोरतात आणि मग भाजतात. दुसऱ्या प्रकारात ओली माती साच्यात दाबून काढतात. युद्धाचे प्रसंग, कृष्णलीला, नावेतले गोरे शिकारी हे बहुतेक पहिल्या प्रकारचे असतात. किनारी, फुले, हंसांच्या रांगा दुसऱ्या प्रकारच्या असतात. प्रत्यक्षात बरेचसे फलक दोहोंच्या मधले निघतात. साच्यातून काढायचे आणि घट्ट झाल्यावर सुरीने डोळा, पीस, दागिना उघडायचा, अशी ही पद्धत आहे.

फरक ओळखण्यासाठी बाजूने तिरपा प्रकाश टाकावा लागतो. कोरलेल्या आकृतीच्या कडेला सपाट पैलू दिसतात, कड आतल्या बाजूला वळलेली असू शकते, आणि शेजारच्या दोन आकृती कधीही तंतोतंत जुळत नाहीत. साच्यातून काढलेल्या आकृतीची कड मऊ आणि बाहेरच्या बाजूला उतरती असते, कारण आत वळलेली कड असेल तर माती साच्यातून सुटणारच नाही. आणि साच्यात एखादा दोष असला तर तो प्रत्येक प्रतीत त्याच जागी उतरतो. पुढच्या सगळ्या कामाचा आधार हा शेवटचा मुद्दा आहे.

८ डिसेंबर

हंसपट्टीची मोजणी आज पूर्ण झाली. ही पट्टी जोत्याच्या वर साधारण गुडघ्याच्या उंचीवर दक्षिण, पूर्व आणि पश्चिम भिंतींवरून जाते. प्रत्येक फलकावर एक हंस आहे. त्याची मान मागे वळलेली असून चोचीत मृणालाचा तुकडा आहे. पट्टीवर चुन्याचे थर आणि त्यावर अलीकडचा तेलरंग आहे, परंतु जिथे रंगाचे पापुद्रे सुटले आहेत तिथे मातीचा पृष्ठभाग चांगला शिल्लक आहे. आम्ही अशाच उघड्या फलकांची मापे घेतली. रंगावरून घेतलेले माप थरांच्या जाडीमुळे फसवे ठरते.

फलक दोन आकारांत पडतात. दक्षिण आणि पूर्व भिंतींवरील, तसेच पश्चिम भिंतीच्या दक्षिण टोकाकडील फलक ११८ मिलिमीटर रुंद आणि ७७ मिलिमीटर उंच आहेत, एखाददुसरा मिलिमीटर इकडेतिकडे. पश्चिम भिंतीच्या उत्तर भागातील फलक मात्र १०० मिलिमीटर रुंद आणि ६५ मिलिमीटर उंच आहेत. दुरून हा फरक दिसत नाही, कारण बांधणाऱ्याने लहान फलकांच्या खाली सुमारे १२ मिलिमीटर जाडीचा चुन्याचा थर देऊन वरची कड मोठ्या फलकांच्या सरळ रेषेत आणली आहे. हा थर हाताला लागतो. डोळ्यांना तो फलकाचाच भाग वाटतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मोठ्या हंसांपैकी काहींच्या मानेपासून पंखाकडे एक बारीक उंचवट्याची रेघ जाते. ती पिसाची रेघ नाही, कारण ती पिसांना आडवी छेदते. साच्याला तडा गेला की त्या तड्यात माती शिरते आणि प्रतीवर अशीच उठावाची रेघ उमटते. काही मोठ्या हंसांवर ती मुळीच नाही, काहींवर ती ११ मिलिमीटर लांब आहे, काहींवर २६. म्हणजे साचा वापरात असताना तडा वाढत गेला. लहान हंसांपैकी जेवढे उघडे आहेत त्या सगळ्यांवर ही रेघ आहे, त्याच जागी, २२ मिलिमीटर लांब आणि बरीच बोथट.

१० डिसेंबर

आकारातील फरक आकुंचनामुळे आहे असे म्हणायचे तर आकुंचन किती होते हे आधी पाहिले पाहिजे. जवळच्या एका कुंभाराने आपल्या नेहमीच्या मातीचे थापे करून दिले. ते नदीकाठची गाळाची माती, त्यात थोडी बारीक वाळू, असे मिश्रण वापरतात. वाळू घातली नाही तर सुकताना थापा वाकतो आणि कोपरे वर उचलले जातात. प्रत्येक ओल्या थाप्यावर सुईने १०० मिलिमीटरची रेघ ओढली आणि थापे सावलीत, वरून गोणपाट झाकून ठेवले. घाईने सुकवले तर वरचा पापुद्रा आधी आकसतो, आतला भाग ओलाच राहतो, आणि तडे जातात.

१९ डिसेंबर

थापे सुकले आणि भाजून झाले. सुकल्यावर रेघ ९४ मिलिमीटर भरली, भट्टीतून निघाल्यावर ९२. एकूण आकुंचन सुमारे ८ टक्के, त्यातील मोठा वाटा सुकतानाचा. जास्त पाणी घातलेल्या एका थाप्यात ते याहून अधिक आले, आणि तसे येणे अपेक्षितही होते. त्यामुळे ८ हा आकडा या मातीपुरता, या मळणीपुरता धरायचा. जुन्या कारागिरांची माती नेमकी हीच होती असे त्यावरून म्हणता येत नाही.

आता हिशेब असा आहे. समजा भाजून तयार असलेल्या ११८ मिलिमीटरच्या हंसावर ओली माती दाबून नवा साचा घेतला आणि तो भाजला. साचा स्वतःच ८ टक्के आकसेल आणि त्यातील हंस १०८.५ मिलिमीटरच्या आसपास येईल. त्या साच्यात दाबलेला नवा हंस पुन्हा ८ टक्के आकसेल आणि जवळपास १०० मिलिमीटरवर येईल. उंची ७७ वरून ६५ वर येते आणि तड्याची २६ मिलिमीटरची रेघ २२ वर. तिन्ही मापे भिंतीवरच्या मापांशी जुळतात.

केवळ रुंदी जुळली असती तर मी तेवढ्यावर विसंबलो नसतो. कोणीही कारागीर लहान आकाराचा स्वतंत्र साचा कोरू शकतो, आणि मातीचे आकुंचन इतके बदलते असते की एकाच मापावरून काहीही सिद्ध करता येईल. तड्याची रेघ मात्र कोणी मुद्दाम कोरणार नाही. ती लहान हंसांवर त्याच जागी आणि त्याच प्रमाणात आकसलेली सापडते, याचा अर्थ लहान हंसांचा साचा भिंतीसाठी बनवलेल्या एखाद्या तडा-उमटलेल्या हंसावरूनच घेतला गेला. उलटा क्रम शक्य नाही, कारण या रीतीने घेतलेली प्रत मूळ फलकापेक्षा लहानच होते.

२१ डिसेंबर

नवा साचा मूळ बांधकामाच्या वेळीच घेतला, की पुढे केव्हातरी दुरुस्तीसाठी, हा पुढचा प्रश्न. दोन्ही शक्य होते. तडा वाढलेला साचा शेवटी फुटला आणि काम अडू नये म्हणून कारागिराने हाताशी असलेल्या फलकावरून दुसरा घेतला, ही पहिली शक्यता. ती मला अधिक आवडणारी होती, म्हणून तिच्याविरुद्धचे पुरावे आधी शोधले.

पश्चिम भिंतीवर जिथे मोठे हंस संपून लहान सुरू होतात तिथे वरच्या विटांमध्ये एक उभा सांधा आहे. तो रंगाखाली झाकला गेला आहे, पण कौशल्याने पाहिले तर जोत्यापासून जवळजवळ कार्निसपर्यंत त्याचा माग काढता येतो. सांध्याच्या दक्षिणेचा चुना बारीक सुरखीचा, तांबूस आणि घट्ट आहे. उत्तरेचा चुना पांढरट असून त्यात सुरखीचे जाड खडे आणि न विरलेल्या चुन्याच्या गुठळ्या दिसतात. विटांच्या थरांची उंचीही बदलते, म्हणून दोन्ही बाजूंचे थर एकमेकांत दात घालून बांधता आले नाहीत. म्हणजे भिंतीचा तो भाग पडला होता किंवा उतरवला होता, आणि नंतर पुन्हा बांधला गेला.

हंसांवरही वेगळा हात दिसतो. मोठ्या हंसांचा डोळा साच्यातून काढल्यावर बोरूच्या किंवा वेताच्या टोकाने टोचून केलेला आहे. छिद्राच्या कडेला उचललेली माती अजून जाणवते, आणि प्रत्येक डोळा थोडा वेगळ्या जागी आहे. लहान हंसांचे डोळे साच्यातून जसे बोथट आले तसेच सोडलेले आहेत, आणि ते सगळे एकाच जागी आहेत. मूळ कारागिरांना जी शेवटची सुरी-टोचणी फलकाचाच भाग वाटत होती ती दुरुस्ती करणाऱ्याने केली नाही. त्याला भिंतीची रांग पुरी करायची होती.

प्रतिष्ठालेखात मंदिर उभारल्याचा शक आणि उभारणाऱ्याचे नाव आहे. दुरुस्तीचा लेख नाही, कुटुंबाच्या आठवणीतही ती नाही. तिची एकमेव ठळक नोंद या दुर्लक्षित पट्टीत आहे. दुरुस्तीचा काळ मात्र हंस सांगत नाहीत. ती तेलरंगाच्या आणि सिमेंटच्या आधीची आहे, एवढे थरांच्या क्रमावरून म्हणता येते.

मोठ्या हंसांमध्ये तड्याची लांबी पाहून भिंती कोणत्या क्रमाने मढवल्या हेही सांगता येईल असे वाटले होते. तसे झाले नाही. तडा नसलेले, अर्धवट तडा असलेले आणि पूर्ण तडा असलेले हंस तिन्ही भिंतींवर मिसळलेले आहेत. फलक आधी सगळे तयार करून, भाजून, ढिगातून उचलून बसवले असावेत, असाच त्याचा सरळ अर्थ लागतो.

२६ डिसेंबर

आज भिंतीवर काम नव्हते, म्हणून या प्रकारचे काम नोंदींतून का निसटते याबद्दल प्रकल्पाच्या अहवालासाठी टिपण लिहिले. त्यातील मुख्य भाग येथे ठेवतो.

पहिले कारण आपल्या शिल्पविचाराच्या सवयीत आहे. वेरूळ-घारापुरी पाहून घडलेली नजर शिल्प म्हणजे दगडातून काढलेली, एकदाच घडलेली आकृती असे मानते. साच्यातून निघालेली वस्तू त्या नजरेला कारखान्याचा माल वाटते. शिवाय मातीचा फलक ना धड शिल्पात बसतो, ना धड वास्तूत. वास्तूचा अभ्यासक छप्पर, कमान आणि आराखडा मोजतो आणि फलकांना ‘अलंकरण’ म्हणून एका ओळीत गुंडाळतो. शिल्पाचा अभ्यासक ओळखता येणारा प्रसंग शोधतो, आणि हंसांच्या रांगेत प्रसंग नसतो. संग्रहालयात फलक पोहोचतो तोपर्यंत त्याची भिंत, रांगेतील जागा आणि शेजारचा फलक ही तिन्ही माहिती गेलेली असते. आमचे लहान हंस एखाद्या पेटीत सुटे सापडले असते तर ते फक्त ‘हंस, साच्यातील, अस्पष्ट’ म्हणून नोंदले गेले असते, आणि तसे नोंदणाऱ्याला दोष देता आला नसता.

दुसरे कारण काळाचे आहे. भितरगावचे गुप्तकालीन विटांचे मंदिर किंवा पहाडपूरच्या महाविहारावरील फलक प्राचीन असल्यामुळे त्यांना पुरातत्त्वाने सुरुवातीपासून जवळ केले. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील बंगालची मंदिरे मात्र फार उशिराची ठरली. त्यातली बरीच जमीनदारांनी आणि व्यापाऱ्यांनी बांधलेली आहेत, अजून पूजेत आहेत आणि खाजगी मालकीची आहेत. या मंदिरांची गावोगाव हिंडून पद्धतशीर छायाचित्रे घेण्याचे मोठे काम डेव्हिड मॅककचन यांनी केले. ते जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकवत होते आणि १९७२ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, कोलकात्यात वारले. त्या काळात याच विषयावर राबणारे बंगाली अभ्यासकही होते. तरीही या क्षेत्रातील एक पायाभूत पाहणी साहित्याच्या प्राध्यापकाने सुट्ट्यांमध्ये करावी, यावरून पुरातत्त्व आणि कलेतिहास या दोन शाखांच्या प्राधान्यक्रमाची कल्पना येते.

तिसरे कारण अगदी साधे आहे. तळपट्ट्या दिसतच नाहीत. त्या गुडघ्याच्या उंचीवर आहेत, आकृती तळहाताएवढ्या आहेत, आणि दर उत्सवाला त्यांवर रंग चढतो. रंग देणारे श्रद्धेने देतात, आणि त्याला विरोध करणे आमच्या अधिकारात नाही. मात्र तेलरंगाच्या काही थरांनंतर डोळ्याचे छिद्र बुजते, तड्याची रेघ विरते, आणि मग हंस खरोखरच सगळे सारखे होतात.

२ जानेवारी

पट्टीची अवस्था तपासली. बोटाच्या पेराने हलके टकटक केले की घट्ट बसलेला फलक टणक आवाज देतो, मागून सुटलेला फलक पोकळ वाजतो. पोकळ आवाज देणारे फलक बहुतेक पश्चिम भिंतीवरच आहेत. तिथे जोत्याला काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केलेला आहे. जमिनीतली ओल पूर्वी जोत्याच्या चुन्यातून वाळून जात असे. आता सिमेंट तिला बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे ती आणखी वर चढते आणि हंसपट्टीच्या उंचीवर बाहेर पडते. पाणी उडून जाते, पण त्यातील क्षार फलकाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि भाजलेली कातडी पापुद्र्यासारखी सुटते. सुटलेल्या पापुद्र्याच्या आत पांढरी भुकटी दिसली की कारण हेच समजावे. वरून रोगण मारणे हा त्यावर उपाय नाही, कारण क्षार रोगणाच्या मागे साठतात आणि पुढच्या उन्हाळ्यात जाड पापुद्रा घेऊन निघतात.

कुटुंबातील वडीलधाऱ्यांशी बोलणे झाले. सिमेंट काढून चुना-सुरखीचा गिलावा करायला त्यांची संमती आहे, फक्त ते काम रासयात्रेच्या आत पुरे व्हावे अशी त्यांची अट आहे. फलकांतील क्षार काढण्यासाठी शुद्ध पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचे लेप द्यायचे, पण ओलीची वाट मोकळी झाल्यानंतरच. आधी दिले तर लेप भिंतीतूनच नवे क्षार ओढत राहतील.

९ जानेवारी

पट्टीतील रिकाम्या जागांबद्दल निर्णय घेतला. भिंतीवरच्या हंसाचा रबराचा साचा घेऊन नवे हंस काढावेत, अशी सूचना आली होती. रबर आकसत नाही, म्हणून आकुंचन एकदाच होईल आणि ११८चा हंस १०८.५ वर येईल. हे माप भिंतीवर कधीच नव्हते. शिवाय ते दोन्ही पिढ्यांच्या मधोमध पडते, त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला आणखी एक जुनी दुरुस्ती झाल्याचा भास होईल. साचा ८.७ टक्के मोठा करून घेतला तर माप जुळेल, पण मग तड्याची रेघही पूर्ण लांबीने उतरेल आणि नवा हंस जुन्यात बेमालूम मिसळेल.

म्हणून असे ठरले. जिथे रिकामी जागा पाणी आत घेते तिथेच फलक बसवायचा, बाकीच्या जागा चुन्याने मागे सरकवून बंद करायच्या. नवा फलक मापाने जुळता पण आकृतीशिवाय, सपाट पाटीचा असेल, आणि भाजण्याआधी त्याच्या मागे इसवी सन खोदलेले असेल. बसवताना सिमेंटऐवजी चुना-सुरखी वापरायची, म्हणजे पुढे तो काढावा लागला तर शेजारचा हंस फुटणार नाही. नोंदपत्रकात प्रत्येक हंसासाठी स्वतंत्र ओळ ठेवली आहे. तिच्यात भिंत, क्रमांक, रुंदी, उंची, तड्याची लांबी, डोळा टोचलेला की साच्यातला, आवाज टणक की पोकळ, असे रकाने आहेत. फुलांच्या पट्टीसाठीही हेच रकाने चालतील, फक्त डोळ्याच्या जागी पाकळ्यांची संख्या येईल. पूर्व भिंतीवरील फुलांची मोजणी परवापासून सुरू करायची आहे.